जात्यावरच्या ओव्यांचा बिघडलेला व्हिडिओ: क्लायंटला काय कळवलं आणि का

काम साधं वाटत होतं. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आजींचा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होता. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, म्हणजे आमच्या क्लायंट ताईंनी, आदल्या दिवाळीत घरी काढलेला एक व्हिडिओ पाठवला. माजघरात आजी जात्यावर दळताहेत आणि ओव्या म्हणताहेत. भाच्याने मोबाईलवर शूट केलेला, साधारण चौदा मिनिटांचा. सोबत निरोप होता: "दादा, आवाज नीट येत नाही आणि चेहरा काळा दिसतोय. एकदम क्लिअर करून द्या, कार्यालयात मोठ्या पडद्यावर लावायचाय."

त्या दिवाळीनंतर आजी पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि आता त्यांना जात्यापुढे मांडी घालून बसता येत नाही. म्हणजे हे चित्रण पुन्हा होणार नव्हतं. अशा वेळी एडिटरला "हो ताई, बघतो, होऊन जाईल" असं म्हणायचा मोह होतो, कारण समोरच्याला तेच ऐकायचं असतं. मग कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फाईल हातात पडते, अपेक्षा होती तशी ती नसते, आणि तेव्हा कुणाच्याच हातात काही उरलेलं नसतं. म्हणून मी आधी तपासणी केली, मग एक सविस्तर मेसेज लिहिला. तो मेसेज, त्यामागची तपासणी आणि पुढे काय झालं, हे सगळं इथे मांडतोय.

आधी मूळ फाईल

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून चार तुकड्यांत आला होता. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ पाठवताना तो पुन्हा दाबून लहान करतं, आणि त्यात गेलेला तपशील आपल्याकडे येतच नाही. खराब फुटेजबद्दल कुठलंही मत देण्याआधी आपल्या हातात मूळ फाईल आहे की तिची प्रत, हे पाहावं लागतं. त्यासाठी ffprobe या फाईलची माहिती दाखवणाऱ्या साधनाची एवढी एक ओळ पुरते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,width,height,bit_rate -of default=noprint_wrappers=1 ovi_1.mp4
```

उत्तरात रुंदी 480, उंची 848 आणि बिटरेट सेकंदाला दीड मेगाबिटच्याही खाली, असं आलं. आजकालचा फोन सहसा इतक्या लहान मापात शूट करत नाही. ताईंना विचारलं, तर भाच्याने फोन बदलला होता. पण जुन्या फोनचा बॅकअप मूळ गुणवत्तेत ठेवलेला निघाला. दोन दिवसांनी खरी फाईल आली: 1920 × 1080, उभा फोन धरून काढलेली, बिटरेट सेकंदाला सतरा मेगाबिटच्या आसपास, आकार पावणेदोन जीबी. त्याच चौदा मिनिटांसाठी दहापटीहून जास्त माहिती.

फरक कुठे दिसला ते सांगतो. आजींच्या हनुवटीवर गोंदण आहे, तीन ठिपके. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तुकड्यांत ते अजिबात दिसत नव्हतं, हनुवटी सपाट राखाडी होती. मूळ फाईलमध्ये चेहरा उजळून पाहिल्यावर दोन ठिपके स्पष्ट आणि तिसरा अंदाजाने कळत होता. पुढे या गोंदणाचा फार उपयोग झाला.

प्रत्येक दोषाला एकच प्रश्न

मूळ फाईल आल्यावर मी प्रत्येक दोषापाशी एकच गोष्ट तपासतो: हवी ती माहिती नोंदली गेली आहे पण झाकली गेली आहे, की ती मुळात नोंदलीच गेलेली नाही? झाकलेलं असेल तर कमीअधिक प्रमाणात बाहेर काढता येतं. नोंदलंच गेलं नसेल तर कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी ते फक्त अंदाजाने काहीतरी रंगवू शकतं.

आजींच्या पाठीमागे परसदाराचं दार उघडं होतं आणि बाहेर दुपारचं ऊन होतं. फोनने त्या उजेडाकडे पाहून एक्सपोजर खाली ओढलं, त्यामुळे आजी अंधारात गेल्या. उजेडाची पट्टी 0 ते 255 अशी धरली, तर दाराची जागा थेट 255 ला टेकलेली होती आणि आजींचा चेहरा 30 च्या आसपास होता. उजेडाचा आलेख दाखवणाऱ्या वेव्हफॉर्मवर दाराचा भाग वर सपाट कापल्यासारखा दिसतो. तिथे अंगण होतं, तुळशीवृंदावन होतं, पण फाईलमध्ये फक्त पांढरं आहे. ते कधीच परत येणार नाही. चेहऱ्याचं तसं नाही. 30 म्हणजे अंधार असला तरी शून्य नव्हे. त्यात नाक, डोळे, सुरकुत्या यांतला फरक नोंदलेला आहे. तो वर उचलता येतो.

उचलण्याची किंमत मात्र मोजावी लागते. फोनच्या आठ बिटांच्या व्हिडिओत अंधाऱ्या भागाच्या वाट्याला मोजक्याच पायऱ्या येतात. त्या ताणल्या की त्वचेवर ठिगळं दिसू लागतात आणि बारीक दाणे नाचू लागतात. रंगाची माहिती तर चार पिक्सेलांमागे एकदाच साठवलेली असते, त्यामुळे कपाळावरच्या कुंकवाची कड पसरते. हे दाणे कमी करायला जी पद्धत सगळ्यात उपयोगी पडते ती शेजारशेजारच्या फ्रेम एकमेकींशी ताडून पाहते: जे सगळ्या फ्रेमांत सारखं ते खरं, जे बदलतंय तो दाणा. स्थिर भिंतीवर ही पद्धत सुरेख चालते. पण दळताना आजींचं सगळं अंग लयीत पुढेमागे होतं, चेहरा प्रत्येक फ्रेममध्ये थोडा सरकलेला असतो. म्हणजे जिथे स्वच्छता सगळ्यात जास्त हवी तिथेच ती सगळ्यात कमी मिळते. जोर वाढवला की खुंटा धरलेल्या हातामागे भुतासारखा दुसरा हात दिसू लागतो. मी चेहरा साधारण 85 पर्यंत नेऊन थांबलो. त्यापुढे तो उजळ दिसतो, पण आजींचा वाटत नाही.

शिवाय भिंगावर तेलकट बोट लागलेलं होतं. दिवाळीचे दिवस, हाताला फराळाचं तेल, असं झालं असावं. त्यामुळे दाराच्या उजेडाची धुरकट झाक सगळ्या चित्रावर आली होती. अशी झाक एकसारखी असते, म्हणून कॉन्ट्रास्ट सावरून ती बरीच कमी होते. सातव्या मिनिटाला भाच्याने आजींचा चेहरा जवळ घ्यायला बोटांनी झूम केलं. त्या फोनला वेगळी टेली लेन्स नव्हती, म्हणजे फोनने मधला तुकडा कापून ताणला. ती सव्वा मिनिटं मऊच राहणार. धार वाढवली तर कडांना पांढरी रेघ येते, तपशील येत नाही.

आवाजाचं जास्त महत्त्व

ओव्या ऐकायच्या असतात, त्यामुळे खरा जीव आवाजातच होता. पीठ उडू नये म्हणून पंखा बंद होता, ही मोठी जमेची बाजू. फोन मात्र दहा फुटांवर होता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. अडीच फुटांवर ठेवलेल्या फोनला तोच गळा बारा डेसिबल मोठा मिळाला असता. दहा फुटांवरून गळ्याबरोबर माजघराचा घुमाराही रेकॉर्ड झाला. घुमारा म्हणजे त्याच आवाजाच्या उशिरा आलेल्या प्रती. सॉफ्टवेअर त्यांची शेपटी आखडू शकतं, पूर्ण कापू शकत नाही, कारण शब्दाचा शेवट आणि घुमाऱ्याची सुरुवात एकमेकांत मिसळलेली असते.

मग जात्याची घरघर. पंख्यासारखा एकसुरी आवाज असता तर शांत जागेतून त्याचा नमुना घेऊन तो वजा करता आला असता. जात्याचा आवाज प्रत्येक फेऱ्यात बदलतो: दाणे घातल्यावर जड, दळत आलं की हलका, आणि खुंटा जवळ येताना वेगळा. त्याचा ठरावीक नमुना नाही. त्यातली 90 हर्ट्झखालची गडगड निर्धास्त कापता येते, कारण आजींचा गळा त्याच्या बराच वर सुरू होतो. पण दगडाची खरखर गळ्याच्याच पट्ट्यात पसरलेली आहे. ती काढायला जोर लावला, की ओवीच्या शेवटी आजी जो सूर लांबवतात तो यंत्राला गोंगाट वाटतो आणि ते तोच खाऊन टाकतं. बोलण्यावर चालणारं नॉइज रिडक्शन गाण्यावर असं फसतं. उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. म्हणून मी खरखर सहाएक डेसिबलने खाली आणली आणि सोडली. माझं मत विचाराल तर ती तिथे असायलाच हवी. ओवीची चाल जात्याच्या फेऱ्यावर बसलेली असते. जातं पुसलं तर लयीला कारणच उरत नाही.

दोन जागा मात्र गेलेल्या आहेत. चौथ्या मिनिटाला स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. शिट्टी येताच फोनने आपोआप माइक खाली केला आणि पुढचे दोनतीन सेकंद आजींचा आवाज जवळजवळ बुडाला. दहाव्या मिनिटाला घरातलंच कुणीतरी मोठ्याने "अगं, चहा झाला का?" असं विचारलं आणि पुढे बराच वेळ गप्पा चालल्या, थेट ओवीवर. दोन माणसांचे आवाज एकाच पट्ट्यात येतात. त्यातला एक उपटायला गेलं की दुसऱ्याची मुळंही तुटतात.

नमुना कुठला पाठवायचा

मेसेजबरोबर पाठवायला मी चाळीस सेकंदांचे दोन तुकडे केले. एक सगळ्यात साधारण भागातला आणि एक कुकरच्या शिट्टीचा. सगळ्यात चांगल्या जागेचा नमुना दाखवला तर क्लायंट उरलेल्या चौदा मिनिटांची कल्पना त्यावरून करतो, आणि तिथेच फसगत सुरू होते. आधीचा आणि नंतरचा आवाज मी एकाच पातळीला आणून ठेवला होता. माणसाला मोठा आवाज सहसा चांगला वाटतो. नुसता आवाज वाढवूनही सुधारणा झाल्याचा भास करून देता येतो.

पाठवलेला मेसेज

> नमस्कार ताई,
>
> आजींचा पूर्ण व्हिडिओ दोनदा पाहिला. भाच्याने मूळ फाईल शोधून दिली, त्यामुळे पुष्कळ फायदा झाला. त्याला आवर्जून सांगा.
>
> आधी मुख्य गोष्ट सांगतो. हा व्हिडिओ तुम्हाला हवा तसा एकदम क्लिअर होणार नाही. आजींचा चेहरा ओळखू येईल इतका उजळेल आणि बहुतेक ओव्यांचे शब्द समजतील, इथपर्यंत तो नक्की नेता येईल. सोबत दोन नमुने पाठवतोय. ते हेडफोन लावून ऐका आणि शक्यतो टीव्हीवर बघा, मोबाईलवर दोष लपतात.
>
> काय होणार नाही ते कारणांसह लिहितो.
>
> आजींच्या मागच्या दारात जे पांढरं दिसतं तिथे फोनने काहीच टिपलेलं नाही. अंगण, तुळस काही परत येणार नाही. चेहरा उजळताना त्यावर बारीक दाणे दिसतील. ते कमी करेन, पूर्ण जाणार नाहीत. जास्त पुसले तर सुरकुत्याही पुसल्या जातात आणि आजी वेगळ्याच दिसतात. सातव्या मिनिटाला झूम केलेला भाग धूसरच राहील.
>
> आवाजात, कुकरच्या शिट्टीखाली गेलेली एक ओळ आणि दहाव्या मिनिटाला गप्पांखाली गेलेल्या दोन ओव्या मला वाचवता येणार नाहीत. घर थोडं घुमतंय, तो घुमारा कमी होईल, जाणार नाही. जात्याची घरघर मी मुद्दाम थोडी ठेवतोय. ती पूर्ण काढली तर आजींचे लांबवलेले सूरही जातात. दुसऱ्या नमुन्याच्या शेवटी तसंही करून दाखवलंय, ऐकून बघा.
>
> आता काय करता येईल. चौदा मिनिटांपैकी साधारण नऊ मिनिटं दाखवण्याजोगी आहेत. पडद्यावर लोक किती वेळ शांत बसून ऐकतील याचा विचार करता, त्यातून पाच-सहा मिनिटांची निवड करावी असं मला वाटतं. व्हिडिओ उभा आहे, तो पडद्याच्या मधे एका पट्ट्यात येईल. ताणून आडवा केला तर आजींचं डोकं तरी कापलं जाईल, नाहीतर जातं. त्याऐवजी आजी डावीकडे ठेवून उजवीकडच्या रिकाम्या जागेत ओव्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत द्यावेत. शब्द डोळ्यांपुढे असले की अस्पष्ट आवाजही कानाला कळतो. या सगळ्या कामात सगळ्यात मोठा फरक यानेच पडेल.
>
> त्यासाठी तुमची मदत लागेल. मला ऐकू आलेले शब्द लिहून पाठवतो. जिथे कळले नाहीत तिथे टिंबं ठेवलीत. आजींना हा व्हिडिओ ऐकवून त्या जागा त्यांच्याकडूनच भरून घ्या. मी अंदाजाने काही लिहिणार नाही.
>
> खर्च: चित्र आणि आवाज सावरून पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ, शब्दांसह, साडेसहा हजार. शब्द मिळाल्यापासून आठ दिवस. नमुने पाहून करायचं नाही असं वाटलं तर काहीच देऊ नका, तपासणीचे पैसे घेत नाही.
>
> एक गोष्ट मी सुचवणार नाही: चेहरा कृत्रिमपणे स्पष्ट करणारं सॉफ्टवेअर. ते करून पाहिलं. आजींच्या हनुवटीवरचं गोंदण त्याने डाग समजून पुसलं. सोबत तोही फोटो जोडलाय.
>
> काही शंका असेल तर संध्याकाळी सातनंतर फोन करा, सविस्तर बोलू.

मेसेज असा का लिहिला

"होणार नाही" हे वाक्य सुरुवातीलाच आहे. ते खाली ढकललं की माणूस वरचा गोड भाग वाचून समाधानाने थांबतो. मात्र त्याच्या लगेच पुढच्या वाक्यात काय मिळेल तेही आहे, कारण नुसता नकार वाचल्यावर पुढचं वाचायचं मन उरत नाही.

"बरंच सुधारेल", "शक्य तितकं करू" अशा शब्दांना मी जागा दिली नाही. "बरंच" म्हणजे किती, हे दोघांच्या मनात वेगळं असतं. त्याऐवजी ओळखू येईल इतका चेहरा, समजतील इतके शब्द, सातवं मिनिट, दहावं मिनिट, असं लिहिलं. यावर पुढे वाद होऊ शकत नाही. फाईल उघडून पाहिली की दोघांनाही तेच दिसतं. बिटरेट, डेसिबल, आठ बिट यातलं मात्र मेसेजमध्ये काहीही नाही. ताईंना त्यावरून कुठलाच निर्णय घ्यायचा नव्हता. "फोनने काहीच टिपलेलं नाही" एवढं कारण त्यांना पुरेसं होतं.

कुणी चुकीचं शूट केलं, हेही त्यात कुठेच नाही. दार बंद करायला हवं होतं, फोन जवळ ठेवायला हवा होता, हे सगळं खरं आहे. पण त्या पोराने निदान काढलं तरी. बाकी कुणी काढलंच नव्हतं. दोषाची जागा सांगताना मी दरवेळी वस्तूचं नाव घेतलं: दार, फोन, कुकर, झूम. माणसाचं नाव फक्त आभार मानताना आलं.

ताईंचं उत्तर

रात्री फोन आला. त्या नाराज होत्या. म्हणाल्या, "दादा, दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं, ते फोर-के करून देतो म्हणाले."

मी सांगितलं की फोर-के फाईल मीही दहा मिनिटांत करून देऊ शकतो. त्यात ठिपके चौपट होतात, पण ते आहे त्याच ठिपक्यांवरून भरलेले असतात. दाराबाहेरची तुळस त्यात उगवणार नाही. त्यांच्याकडून करून घ्यायला माझी काहीच हरकत नव्हती. फक्त आधी वीस सेकंदांचा नमुना मागा म्हटलं, अंधारातल्या चेहऱ्याचा, आणि तो भावंडांना काहीही न सांगता दाखवा. सगळ्यांनी "ही आईच" म्हटलं तर बिनधास्त त्यांच्याकडे द्या.

गोंदणाचा फोटो त्यांनी तेव्हा पुन्हा उघडून पाहिला असावा, कारण थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हिच्या हनुवटीवर काहीच नाहीये. दात पण कुठले लावलेत हिला?" ते सॉफ्टवेअर असंख्य चेहऱ्यांवरून सरासरी चेहरा शिकलेलं असतं, धूसर जागा दिसली की तिथे तो चिकटवतं. आजींच्या वरच्या ओळीत दोन दात नव्हते. त्याने ओळ पूर्ण करून टाकली होती.

मग त्यांनी विचारलं, आईला खुर्चीत बसवून पुन्हा ओव्या म्हणायला लावल्या आणि तो आवाज या चित्राला जोडला तर? विचार चांगला होता, पण मी नको म्हटलं. जात्याशिवाय म्हटलेली ओवी वेगळ्या गतीने जाते, ओठांशी जुळत नाही, आणि जुळवायला आवाज ताणला तर गळा बदलतो. वर्षभरात आजारपणाने आवाजही खाली आला होता. मात्र रेकॉर्डिंग जरूर करा म्हटलं, स्वतंत्र म्हणून: खिडक्या-दारं बंद, पंखा बंद, फोन आजींच्या पुढ्यात हातभर अंतरावर उशीवर ठेवलेला, आणि कुकर उतरवून झाल्यावर. फाईल पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती न दाबता जशीच्या तशी येते.

शेवटी काय तयार झालं

शब्दांच्या टिंबं ठेवलेल्या जागा अकरा होत्या. आजींनी त्यातल्या नऊ ऐकता ऐकता भरल्या. एके ठिकाणी मला "माझ्या भावाची गाडी" असं स्पष्ट ऐकू आलं होतं आणि मी टिंबंही ठेवली नव्हती. आजींनी तिथे "भावाची माडी" असं दुरुस्त केलं. उरलेल्या दोन जागा त्यांनाही लागल्या नाहीत. पडद्यावर तिथे आम्ही टिंबंच ठेवली.

शिट्टीखाली बुडालेली ओळ नव्या रेकॉर्डिंगमध्ये सापडली. ती मूळ चित्रावर न चिकटवता, तिथे जात्याचा जवळून काढलेला एक स्थिर फोटो आला आणि त्यावर आजींचा आजचा आवाज, खाली "या वर्षी रेकॉर्ड केलेला आवाज" अशी छोटी ओळ. दहाव्या मिनिटाच्या दोन ओव्या सोडून दिल्या.

एक गोष्ट मेसेजमध्ये नव्हती आणि अशा प्रत्येक कामात असायला हवी: व्हिडिओ कशावर दाखवणार? कार्यालयातला प्रोजेक्टर जुना होता आणि हॉलमध्ये खिडक्यांना पडदे नव्हते. माझ्या मॉनिटरवर पुरेसा उजळ वाटणारा चेहरा तिथे पुन्हा अंधारात गेला असता. ताईंच्या भावाने आदल्या दिवशी हॉलमध्ये नमुना लावून फोटो पाठवला, त्यावरून चेहरा आणखी थोडा उजळला आणि दाणे थोडे जास्त सोसले. वीस फुटांवरून ते कुणाला दिसणार नव्हते. घरी बघण्यासाठी वेगळी प्रत ठेवली, कमी उजळ आणि जास्त स्वच्छ.

अशा तीन फाईल दिल्या: हॉलची, घरची, आणि भाच्याचं मूळ चित्रण पूर्ण चौदा मिनिटं, काहीही न बदलता. तिसरी दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा, असं ताईंना लिहून दिलं, म्हणजे पुढे चांगली साधनं आली तर कुणालाही माझ्या सावरलेल्या प्रतीवर काम करावं लागणार नाही.